विश्लेषण : गिझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकाच वायरवर चालतील का? स्वयंपाकघरासाठी किती जाड वायर हवी?

अहिल्यानगरमध्ये सावेडी असो, केडगाव असो की भिंगार, जुन्या स्वयंपाकघराचे काम काढले की ओट्याची लांबी, टाइल्सचा रंग आणि चिमणीची जागा यावर घरात आठवडाभर चर्चा होते. वायरचा विषय मात्र एका वाक्यात संपतो. ‘किचनला चारची टाकू का सहाची?’ असे वायरमन विचारतो आणि ‘जाडच टाका, नंतर कटकट नको,’ असे उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. गिझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी ही तीन उपकरणे मिळून जेवढा प्रवाह घेतात, तेवढा जुन्या पद्धतीच्या घरात अख्ख्या घराचाही नसे. म्हणूनच वायरची जाडी, तिच्यावरचा एमसीबी आणि भिंतीतला सॉकेट या तिघांचा विचार एकत्र करावा लागतो.

तिन्ही उपकरणे मिळून भार किती होतो?

हिशेबाची सुरुवात उपकरणाच्या मागे चिकटवलेल्या पट्टीपासून करायची. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सिंकखाली किंवा वर लावलेला ३ लिटरचा इन्स्टंट गिझर साधारण ३००० वॅटचा असतो. इंडक्शन शेगडी २००० वॅटची असते. साधा, म्हणजे फक्त गरम करणारा मायक्रोवेव्ह बाजारात ‘८०० वॅट’ म्हणून विकला जातो. पण ते ८०० वॅट अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचे असतात. ती उष्णता तयार करण्यासाठी तो वायरमधून साधारण १२०० ते १३०० वॅट ओढतो. मागच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात आणि वायरसाठी ‘इनपुट’चा आकडा धरायचा असतो. कन्व्हेक्शन प्रकारचा मायक्रोवेव्ह असेल, तर हा आकडा २००० वॅटच्याही वर जाऊ शकतो.

आपल्या उदाहरणात ३०००, २००० आणि १२५० मिळून ६२५० वॅट झाले. घरातला दाब २३० व्होल्ट धरून भागले, तर एकूण प्रवाह सुमारे २७ अँपिअर येतो. त्यात गिझरचा वाटा १३, इंडक्शनचा जवळपास ९ आणि मायक्रोवेव्हचा साडेपाच अँपिअरच्या आसपास आहे.

‘पण तिन्ही एकदम कुठे चालतात?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. घरभराच्या दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी तो रास्त आहे, कारण सगळे दिवे एकाच वेळी क्वचित लागतात. स्वयंपाकघरात चित्र वेगळे असते. जानेवारीतली सकाळ, डब्याची घाई, इंडक्शनवर भाजी, मायक्रोवेव्हमध्ये रात्रीची आमटी आणि भांड्यांसाठी गिझर सुरू, हे दृश्य नगरच्या थंडीत रोजचे आहे. तीनच मोठी उपकरणे असताना ‘एकाच वेळी चालणार नाहीत’ या भरवशावर वायर बारीक करणे म्हणजे घरातल्या माणसांच्या सवयींवर सुरक्षितता सोपवणे होय.

‘अडीचची’, ‘चारची’, ‘सहाची’ वायर म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण ‘चार एमएमची वायर’ म्हणतो, पण ते चार मिलिमीटर जाडी नसते. ते तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ असते, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर. त्यातले तांबे एकसंध धरले, तर त्याचा व्यास सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरेल. बाहेरून दिसणारी जाडी प्लास्टिकच्या आवरणासकट असते, त्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून वायर ओळखणे फसवे ठरते. घरगुती लवचीक वायरमध्ये सहसा ०.३ मिलिमीटरच्या तारा असतात. अडीचच्या वायरमध्ये अशा ३६, चारच्या वायरमध्ये ५६ आणि सहाच्या वायरमध्ये ८४ तारा भरतात. दुकानात टोक सोलून तारा मोजायला दोन मिनिटे लागतात आणि कमी तांब्याचा माल लगेच उघडा पडतो. आवरणावर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

वायर किती प्रवाह झेपवते, हे ती किती तापते यावर ठरते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरमधले तांबे सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच तापावे, अशी मर्यादा आहे. भिंतीत पुरलेल्या पाइपातून एकच सर्किट जात असेल आणि भोवतालचे तापमान ३० अंश असेल, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यानुसार अडीचची वायर २४, चारची ३२ आणि सहाची ४१ अँपिअर वाहू शकते. अनेक जण हेच आकडे धरून निर्णय घेतात. अडचण अशी की ते ३० अंशांसाठी आहेत.

नगरच्या उन्हाळ्याचा वायरशी काय संबंध?

एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात पारा ४० अंशांवर जातो. वरच्या मजल्यावर स्लॅबमधून गेलेला पाइप किंवा पश्चिमेकडची तापलेली भिंत याहूनही गरम असते. भोवताल आधीच ४० अंश असेल, तर ७० अंशांपर्यंत तापायला वायरकडे फक्त ३० अंशांची सवड उरते. म्हणून क्षमता घटते. ४० अंशांना ती मूळ आकड्याच्या ८७ टक्के आणि ४५ अंशांना ७९ टक्के धरतात.

दुसरी घट पाइपातल्या गर्दीमुळे होते. वायरमन सोयीसाठी दोन-तीन सर्किटच्या वायरी एकाच पाइपातून ओढतो. त्या एकमेकींना तापवतात. दोन भरलेली सर्किट एका पाइपात असतील तर क्षमता आणखी २० टक्क्यांनी आणि तीन असतील तर ३० टक्क्यांनी कमी धरावी लागते.

आता अडीचच्या वायरचे काय होते ते पाहा. कागदावर २४ अँपिअर. ४० अंशांत जवळपास २१. त्याच पाइपात दुसरे सर्किट आले की साडेसोळाच्या आसपास. ४५ अंश धरले तर १५ अँपिअर. वायर तीच, तांबे तेवढेच, पण जागेमुळे तिची ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटली. चारची वायर याच सर्वांत वाईट स्थितीत २० अँपिअर झेपवते. नगरच्या घरासाठी ‘अडीचची पुरते की चारची हवी’ या वादाचे उत्तर या एका तुलनेत आहे.

तिन्ही उपकरणे अडीचच्या वायरवर टाकली तर काय होईल?

पहिल्या दिवशी बहुधा एवढेच होईल की एमसीबी पडेल. त्या वायरवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल आणि त्यातून २७ अँपिअर जाऊ लागले, तर तो काही मिनिटांत तापून बंद होतो. बटण वर करताच तत्क्षणी पडणारा एमसीबी शॉर्टसर्किट दाखवतो. तिन्ही उपकरणे लावल्यावर थोड्या वेळाने पडणारा एमसीबी जादा भार दाखवतो. दोन्हींतला फरक घरातल्या कोणालाही ओळखता येतो.

खरी चूक यानंतर होते. ‘एमसीबी सारखा पडतोय’ अशी तक्रार आली की १६ चा काढून २५ किंवा ३२ अँपिअरचा बसवला जातो. तक्रार थांबते, सगळे खूश होतात. वायर मात्र भिंतीत तीच राहते. आता २७ अँपिअर वाहत असताना ३२ चा एमसीबी कधीच पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे ठीक आहे. बारा मीटर अंतरावरच्या स्वयंपाकघरापर्यंत जाणारी आणि परत येणारी मिळून २४ मीटर अडीचची वायर धरली, तर तिच्यातच सुमारे १७० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लास्टरच्या आत एक मोठा बल्ब लांबवर पसरून जळत असल्यासारखे आहे. ४० अंशांच्या दिवशी अशा वायरचे तांबे ९० अंशांच्या आसपास जाते.

७० अंशांची मर्यादा ओलांडल्यावर वायर त्याच दिवशी पेटत नाही. हाच धोका आहे. आवरण हळूहळू कडक होते, तडकते आणि जोडाजवळ उघडे पडते. जादा तापमानाच्या दर दहा अंशांमागे आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा विद्युत क्षेत्रात वापरतात. काही वर्षांनी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटतात आणि बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ असे छापून येते. शॉर्टसर्किट हा शेवटचा टप्पा असतो. सुरुवात मोठा एमसीबी बसवला त्या दिवशी झालेली असते.

वायर आणि एमसीबी यांची जोडी कशी लावायची?

नियम एका ओळीत सांगता येतो : उपकरणांचा प्रवाह एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी असावा आणि एमसीबीचा आकडा वायरच्या घटवलेल्या क्षमतेपेक्षा कमी असावा. एमसीबी उपकरणाच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो.

एमसीबी काटेकोर तराजू नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला तासभर पडणार नाही, अशीच त्याची रचना मानकाने ठरवली आहे. २३ अँपिअरला तो तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १८ ते २३ च्या पट्ट्यात तो बराच वेळ गप्प राहू शकतो. वायरची क्षमता एमसीबीच्या आकड्याला अगदी चिकटून नसावी, तिच्यात थोडी सवड असावी, याचे कारण हे आहे. अडीचच्या वायरवर नगरच्या उन्हाळ्यात ही सवडच उरत नाही.

मग सहाची एकच जाड वायर टाकली तर?

हिशेब वायरपुरता जुळतो. ४० अंशांत सहाची वायर सुमारे ३५ अँपिअर झेपवते. भार २७, एमसीबी ३२, वायर ३५ अशी उतरंड बसते. मात्र त्या पाइपात दुसरे एकही सर्किट असता कामा नये. तसे असेल तर क्षमता २८ वर येते आणि ३२ चा एमसीबी पुन्हा वायरपेक्षा मोठा ठरतो.

वायर वाचली तरी सॉकेटचा प्रश्न राहतोच. आपल्याकडे मोठ्या उपकरणांचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज असतो, आपल्या प्लगमध्ये नसतो. त्यामुळे सॉकेटचे रक्षण करणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे बोर्डातला एमसीबी. तो ३२ चा असेल आणि कोणी एकाच सॉकेटला एक्स्टेन्शन लावून गिझर आणि इंडक्शन दोन्ही जोडले, तर १६ च्या सॉकेटमधून जवळपास २२ अँपिअर वाहू लागतात. एमसीबी पडत नाही आणि भिंतीतली सहाची वायर थंड राहते. जळतो तो सॉकेट.

सहाच्या वायरची आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. एका सॉकेटमधून पुढच्या सॉकेटला जोड नेताना एकाच स्क्रूखाली सहाच्या दोन वायरी बसवाव्या लागतात. घरगुती सॉकेटच्या खाचेत त्या नीट मावत नाहीत. मग काही तारा कापून टोक बारीक केले जाते. भिंतीत ८४ तारांची वायर आणि स्क्रूखाली पन्नासच तारा, अशा वायरीसाठी मोजलेले पैसे त्या एका जोडात वाया जातात. सैल किंवा कापलेला जोड हेच स्वयंपाकघरात सर्वांत आधी तापणारे ठिकाण असते.

मग योग्य रचना कोणती?

एका जाड वायरऐवजी दोन मध्यम वायरी, हे या उदाहरणाचे अधिक शहाणपणाचे उत्तर आहे. गिझरला बोर्डापासून स्वतंत्र चारची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी द्यावा. गिझरचे १३ अँपिअर त्यात आरामात बसतात. दाब २५० व्होल्टपर्यंत चढला, तरी प्रवाह सव्वाचौदाच्या वर जात नाही. इंडक्शन आणि साधा मायक्रोवेव्ह मिळून १४ अँपिअर होतात. त्यांना दुसरी चारची वायर आणि दुसरा १६ चा एमसीबी पुरतो. ४५ अंशांत आणि दोन्ही सर्किट नाइलाजाने एकाच पाइपात असली, तरी चारच्या वायरची क्षमता २० अँपिअर राहते. १४, १६, २० ही उतरंड सर्वांत वाईट दिवशीही टिकते.

या रचनेत एमसीबी आणि सॉकेट दोन्ही १६ चे असतात, हा मोठा फायदा आहे. कोणी एक्स्टेन्शन लावून चूक केलीच, तर सॉकेट जळण्याआधी एमसीबी पडतो. गिझरमध्ये बिघाड झाला तर शेगडी बंद पडत नाही. तांबे थोडे जास्त लागते आणि बोर्डात एक जागा अधिक लागते, पण भिंत फोडायचे काम तेवढेच राहते.

या उत्तरालाही मर्यादा आहेत. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनचा असेल, तर इंडक्शनसोबतची बेरीज १६ च्या वर जाते आणि त्याला तिसरे सर्किट द्यावे लागते. दोन चुलींची, ओट्यात बसवलेली इंडक्शन शेगडी असेल, तर तिची पट्टी पाहून स्वतंत्र हिशेब करावा लागतो. पुढे ओव्हन किंवा डिशवॉशर घ्यायचा विचार असेल, तर आत्ताच एक रिकामा पाइप टाकून ठेवणे स्वस्त पडते. टाइल्स बसल्यावर तोच पाइप कित्येक पटींनी महाग होतो.

‘एफआर वायर टाकली, आरसीसीबी आहे’ म्हणजे पुरेसे आहे का?

नाही, कारण ही दोन्ही वेगळ्या धोक्यांची उत्तरे आहेत. एफआर म्हणजे आग पुढे पसरू न देणारे आवरण. त्याने वायरची प्रवाह वाहण्याची क्षमता वाढत नाही. आरसीसीबी हा प्रवाह जमिनीकडे गळू लागला की वीज तोडतो आणि शॉकपासून वाचवतो. पाण्याजवळच्या गिझरसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. पण वायरवर जादा भार आला, तर तो काहीच करत नाही. त्याच्या जोडीला अर्थिंगची वायरही फेजच्याच जाडीची, म्हणजे इथे चारची, बोर्डापर्यंत सलग हवी.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. बोर्डाच्या आधीची मुख्य वायर आणि मेन स्विच हा नवा भार पेलणार आहेत का? स्वयंपाकघरातच २७ अँपिअर जात असतील आणि त्याच वेळी पाण्याची मोटर किंवा एसी सुरू झाला, तर ताण मुख्य वायरीवर येतो. काही जुन्या घरांत ती अजून ॲल्युमिनियमची आहे. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट असेल आणि स्वयंपाकघराचाच भार सव्वासहा किलोवॅट होत असेल, तर भार वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा. मीटरपर्यंतची केबलही त्याच वेळी तपासून घेता येते.

धोका आधी कसा ओळखायचा?

गिझर आणि शेगडी वीस मिनिटे चालल्यावर दोन्ही बंद करा आणि प्लग काढून त्याच्या पिनांना सावधपणे, बाजूने हात लावून पाहा. प्लग कोमट असणे चालते, पण चटका बसत असेल तर जोड सैल आहे किंवा भार जास्त आहे. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लास्टिक जळल्याचा किंवा सडक्या मासळीसारखा वास, शेगडी सुरू करताच दिवे मंद होणे, ही पुढची लक्षणे. जाड पिनेचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर स्वयंपाकघरात दिसला, तर तो त्याच दिवशी काढून टाकावा. त्यातून २००० वॅटच्या शेगडीचे जवळपास ९ अँपिअर ६ अँपिअरच्या सॉकेटमधून वाहत असतात.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेताना त्याच्याकडून एक कागद मागावा. त्यावर प्रत्येक सर्किटपुढे तीन आकडे असावेत : उपकरणांचा प्रवाह, एमसीबी आणि वायर. तो कागद बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावा. पाच वर्षांनी एखादा नवा वायरमन ‘एमसीबी सारखा पडतोय, मोठा टाकू का?’ असे विचारेल, तेव्हा भिंतीच्या आत काय आहे हे त्या कागदावरून त्याला कळेल आणि एमसीबी बदलण्याऐवजी तो भार वाटून देईल.